‘रिकाम्या हातांनी घरी’: संदेशमालिकेचं शीर्षक आणि चार ओळींचं निमंत्रण कसं लिहावं

पाळकसाहेब सांगतात, ‘जानेवारीत रूथचं पुस्तक घेतोय, चार रविवार. एक छानसं पत्रक कर, लोकांत वाटायला.’ मग हे काम ज्याच्या गळ्यात पडतं तो बहुतेक वेळा गेल्या वर्षीचं पत्रक उघडतो, तारखा बदलतो, विषय बदलतो आणि रात्रीच ग्रुपवर टाकून मोकळा होतो. ‘आत्मिक संदेशमालिका. विषय: देवाची अद्भुत योजना. सर्वांनी आशीर्वादास पात्र व्हावे.’ मंडळीतली माणसं ते न वाचताही येतात, कारण ती एरवीही येतातच. गल्लीतल्या ज्या माणसासाठी पत्रक छापलं, त्याला मात्र त्यात स्वतःसाठी काही आहे असं वाटत नाही.

कोल्हापुरात हा गल्लीतला माणूस चर्चला अगदीच अनोळखी नसतो. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथं आले, तेव्हापासून ख्रिस्ती वस्ती, शाळा, दवाखाने शहराच्या ओळखीचे आहेत. कुणाची आई मिशनच्या दवाखान्यात बाळंत झालेली असते, कुणी नाताळात चर्चची रोषणाई पाहायला येऊन गेलेला असतो. पण रविवारी आत नेमकं काय बोललं जातं, ते आपल्याला कळेल का, मध्येच उठून जावं लागलं तर चालेल का, हे त्याला माहीत नसतं. पत्रक लिहायचं ते या माणसासाठी. मंडळीतल्यांना सूचना द्यायला रविवारची घोषणा पुरते.

पुढे रूथच्या चार अध्यायांवरची, १०, १७, २४ आणि ३१ जानेवारी २०२७ या चार रविवारांची मालिका धरून सगळं काम करून दाखवतो. मालिका दुसरी असली तरी क्रम हाच ठेवता येईल.

पाळकसाहेबांकडून आधी काय काढून घ्यायचं

शीर्षक सुचवायला बसण्याआधी पाळकसाहेबांबरोबर अर्धा तास बसा. कोणत्या रविवारी कोणता भाग, हे तर विचाराच. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, चौथ्या रविवारी घरी जाताना माणसानं काय घेऊन जावं असं त्यांना वाटतं, ते एका वाक्यात सांगायला लावा. पहिल्या झटक्यात ते वाक्य येत नाही. ‘रूथचा विश्वास’, ‘देवाची विश्वसनीयता’ अशी नावं येतात. ती तशीच उतरवून घेऊ नका, ‘म्हणजे काय होतं त्या गोष्टीत?’ असं विचारत राहा.

रूथच्या पुस्तकात होतं ते असं. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. नामी नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर मवाब देशात जाते. तिथं नवरा वारतो, मुलांची लग्नं होतात, दहा-एक वर्षांत मुलंही वारतात. दोन विधवा सुनांपैकी अर्पा माहेरी परतते, रूथ मात्र सासूचा हात सोडत नाही. दोघी सातूच्या कापणीच्या सुरुवातीला गावात येतात. रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. ते शेत निघतं नवऱ्याकडच्या नात्यातल्या बवाजाचं. पुढे खळ्यावरची ती रात्र, मग वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर झालेला निवाडा, लग्न, आणि शेवटी नामीच्या मांडीवर नातू. हा नातू म्हणजे दावीद राजाचा आजोबा.

या पुस्तकाची एक खूण पत्रक लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. चारही अध्यायांत देव स्वतः बोलतोय असं एकही वाक्य नाही, समुद्र दुभंगत नाही, आजारी उठून चालत नाही. जे घडतं ते माणसांच्या वागण्यातून घडतं: कुणी शेतात मुद्दाम कणसं सांडून ठेवतो, कुणी उठून वेशीत जाऊन बसतो. त्यामुळे आपलं वाक्य साधारण असं होईल: ‘सगळं गमावून गावी परतलेल्या नामीच्या आयुष्यात देव गाजावाजा न करता, आजूबाजूच्या माणसांच्या भलेपणातून काम करतो.’ हे वाक्य पत्रकावर जाणार नाही. पण ते कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा, कारण पुढे सुचणारं प्रत्येक शीर्षक त्याच्याशी ताडून पाहायचं आहे. ‘चमत्कारांचा देव’ असं शीर्षक कुणी सुचवलं तर ते या वाक्यापाशीच गळून पडतं. रूथमध्ये तसा चमत्कार नाही, आणि तो ऐकायला आलेला माणूस दुसऱ्या रविवारी येणार नाही.

आणखी एक विचारून घ्या: या मालिकेत काय *नाही* सांगणार? पाळकसाहेब म्हणाले की सासू-सुनेनं कसं वागावं यावर मी बोलणार नाही, तर एक मोठा मोह आधीच टळतो. तो कोणता, ते पुढे येईलच.

एकच माणूस डोळ्यांसमोर

‘सर्वांसाठी’ लिहिलेलं पत्रक कुणाच्याच दारात थांबत नाही. एक माणूस निवडा, आणि तो विषयातूनच निवडा. मी रूथसाठी हा निवडीन: पुण्यातली नोकरी गेल्यावर बायको-मुलांसह कसबा बावड्यात आई-वडिलांच्या घरी परतलेला चाळिशीचा गृहस्थ. गल्लीत कुणी ‘काय, सुट्टीवर आलाय काय?’ असं विचारलं की तो विषय बदलतो. हा माणूस ख्रिस्ती नाही, चर्चचं फाटक त्यानं बाहेरूनच पाहिलंय, आणि रूथ कोण हे त्याला माहीत नाही.

असा एक माणूस ठरवल्यावर शब्दांची निवड सोपी होते. ‘मुक्तिदाता नातलग’ हे शब्द त्याच्यासाठी रिकामे आहेत. ‘गावी परत आली’ हे त्याला लागतं. शिवाय त्याच्यासाठी लिहिलेलं इतरांनाही कळतं. नवरा गेल्यावर माहेरी आलेली बाई, गुऱ्हाळ बुडालेला शेतकरी, दवाखान्यात पैसा घालवून बसलेलं कुटुंब, यांना त्यासाठी वेगळं पत्रक लागत नाही.

शीर्षक: पाच टाकून एक

शीर्षकं सुचायला लागली की पहिली चार-पाच नेहमीची येतात. ती लिहून काढा, कारण ती कागदावर उतरल्याशिवाय डोक्यातून जात नाहीत.

‘रूथ: एक विश्वासू स्त्री’ हे धड्याचं नाव झालं. माहिती बरोबर, पण वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न उठत नाही. रूथ माहीत नसलेल्याला तर पहिल्याच शब्दापाशी दार बंद. ‘देवाची अद्भुत योजना’ हे योसेफावर, एस्तेरवर, नाताळावर, कशावरही चालतं. जे शीर्षक दुसऱ्या कुठल्याही मालिकेला चिकटवता येतं ते या मालिकेचं नाही. ‘मवाबातून मशीहाकडे’ हे तरुण संघात टाळ्या घेईल, यमक जुळल्यासारखंही वाटतं, पण त्यातले दोन्ही महत्त्वाचे शब्द आपल्या बावड्याच्या गृहस्थाला अडतात.

‘सासू-सून’ हा तो मोह. कोल्हापुरात हे शीर्षक गेटवर लावलं तर माणूस थांबून वाचेल यात शंका नाही. मीही पहिल्यांदा याच्याच प्रेमात पडलो असतो. पण थांबलेल्या माणसाला काय वाटेल? घरातल्या भांडणांवर कुणीतरी सल्ला देणार आहे. पुरुष म्हणेल, बायकोला पाठवतो. सून म्हणेल, सासूबाईंना पाठवा. आणि चौथ्या रविवारी वेशीतल्या निवाड्यावर, जमिनीच्या हक्कावर बोलणं सुरू झालं की दोघीही एकमेकींकडे बघतील. शीर्षक ओढून आणतं तेव्हा एक वचन देतं, आणि ते वचन चारही रविवारी पाळता आलं पाहिजे. ‘सासू-सून’ फार तर पहिल्या रविवारी पाळता येतं.

मग मजकुरातच शोधा. शीर्षक बाहेरून आणण्यापेक्षा त्या पुस्तकात पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट पकडणं चांगलं. रूथमध्ये ती ठळक आहे. पहिल्या अध्यायाच्या शेवटी नामी गावातल्या बायकांना म्हणते की मी भरलेली गेले होते आणि परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं (१:२१). तिसऱ्या अध्यायात बवाज रूथच्या चादरीत सहा मापं सातू घालतो, आणि ती घरी येऊन सासूला सांगते की सासूकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस असं तो म्हणाला (३:१७). शेवटी नामी बाळाला पोटाशी घेते. रिकामेपणापासून भरण्यापर्यंत, असा हा चारही अध्यायांतून जाणारा धागा आहे.

इथं मराठी मनात लगेच ‘ओटी’ येते. चादर पसरलेली, तिच्यात धान्य. दुसरं चित्र सुचतच नाही. ‘रिकामी ओटी, भरली ओटी’ हे शीर्षक म्हणून सुंदर वाजतं, आणि महिला मंडळातल्या कुणी ना कुणी ते सुचवणारच. तरी मी ते घेणार नाही, आणि कारणं दोन. एक म्हणजे ओटी भरणं हा आपल्याकडे देवीच्या दारातला आणि सवाष्णींचा विधी आहे. अंबाबाईच्या गावात हा शब्द चर्चच्या फलकावर दिसला तर काहींना वाटेल की आमचं काहीतरी उचललंय, आणि मंडळीतल्या जुन्या माणसांना वाटेल की हे इथं कशाला. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. नामी आणि रूथ दोघी विधवा आहेत. ज्या बाईची ओटी समाजानं भरायची थांबवली, किंवा जिला मूल झालं नाही, तिला ‘रिकामी ओटी’ हे दोन शब्द फलकावर वाचताना काय होईल? तिच्यासाठीच तर ही मालिका आहे. प्रवचनात, चौथ्या रविवारी, पाळकसाहेबांनी हे चित्र जपून वापरलं तर ते फार खोल जाईल. तिथं ते समजावून सांगायला वेळ असतो, फलकावर नसतो.

धागा तोच ठेवून ‘हात’ घेतला की अडचण सुटते. हात सगळ्यांना असतात. ‘रिकाम्या हातांनी घरी.’ तीन शब्द, एकही अवघड नाही, आणि वाचल्यावर ‘कोण?’ असा प्रश्न उठतो. पुण्याहून परतलेल्या माणसाला तो स्वतःबद्दलच आहे असं वाटू शकतं, पण त्याच्याकडे बोट दाखवलेलं नाही. खाली छोट्या अक्षरांत एक ओळ हवीच: ‘बायबलमधली रूथची गोष्ट, चार रविवार.’ वरची ओळ थांबवते आणि खालची खरं काय ते सांगते. ही खालची ओळ गाळून नुसतं गूढ शीर्षक लावायची हौस काही ठिकाणी दिसते. ‘बायबल’ हा शब्द लपवला तर आत आल्यावर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि आजच्या वातावरणात ते मंडळीच्या अंगाशीही येतं. कुठं बोलावताय, कशासाठी बोलावताय, हे पहिल्या नजरेत कळलं पाहिजे.

शीर्षकाच्या शब्दांचा हिशेब म्हणाल तर तीन ते पाच पुरेत. मोठ्यानं म्हणून बघा. रिक्षावाल्यानं शेजाऱ्याला सांगायचं झालं तर एका दमात सांगता आलं पाहिजे.

एकेका रविवारची नावंही याच हातानं करून टाका. ‘परतीची वाट’, ‘दुसऱ्याच्या शेतात’, ‘खळ्यावरची रात्र’, ‘वेशीतला निवाडा’. यात मी मुद्दाम जागा घेतल्या, गुण घेतले नाहीत. ‘निष्ठा’, ‘परिश्रम’, ‘समर्पण’, ‘प्रतिफळ’ अशी चार नावं केली असती तर ती शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांसारखी झाली असती. शेत, खळं, वेस हे करवीर-पन्हाळ्याच्या माणसाला डोळ्यांपुढे आणायला काही कष्ट पडत नाहीत. तिसऱ्या नावाबद्दल मात्र पाळकसाहेबांना विचारून घ्या. रूथ रात्री खळ्यावर बवाजाच्या पायाशी जाऊन निजते तो प्रसंग आहे, आणि ‘रात्र’ शब्दावर तरुण मुलं हसली तर ते सांभाळायची त्यांची तयारी हवी. नसेल तर ‘खळ्यावर’ एवढंच ठेवा.

चार ओळींचा मजकूर

आता पहिला खर्डा बघू, जसा तो नेहमी लिहिला जातो:

‘सर्वांना जयख्रिस्त. आपल्या मंडळीच्या वतीने कळविण्यास अत्यंत आनंद होतो की रूथ या पुस्तकावर आधारित चार आठवड्यांची आत्मिक संदेशमालिका आयोजित करण्यात आली आहे. या मालिकेतून मुक्तिदाता नातलग, कराराचे प्रेम व देवाची सार्वभौम योजना यांवर प्रकाश टाकण्यात येईल. तरी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून आशीर्वादास पात्र व्हावे.’

यात चूक एकही नाही, तरी एकही माणूस दिसत नाही. पहिलं वाक्य मंडळीबद्दल, दुसरं आयोजनाबद्दल, तिसरं अभ्यासक्रमाबद्दल. ‘करण्यात आली आहे’, ‘टाकण्यात येईल’ ही नोटिशीची क्रियापदं आहेत. शेवटचं वाक्य लग्नपत्रिकेतून आलंय. ‘आशीर्वादास पात्र व्हावे’ याचा बाहेरच्याला लागणारा अर्थ असा की आत्ता तुम्ही पात्र नाही.

पुन्हा लिहिताना सुरुवात गोष्टीतल्या माणसापासून करा. संस्था शेवटी, खालच्या ओळीत येईल. पहिल्या दोन वाक्यांत काय घडलं ते सांगा, मग एक खरा प्रश्न, मग आपण काय करणार आहोत. एवढ्यावर थांबा. साठेक शब्दांच्या पुढे गेलात तर काहीतरी दोनदा सांगताय असं समजा.

‘दुष्काळ पडला म्हणून नामी नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर परमुलखात गेली. दहा-एक वर्षांनी परतली तेव्हा तिघेही वारले होते. सोबत होती फक्त परकी सून, रूथ. गावातल्या बायकांना नामी म्हणाली, भरलेली गेले, रिकामी परत आले.
अशा माणसासाठी देव काय करतो? आणि आजूबाजूची माणसं काय करतात?
बायबलमधली ही छोटी गोष्ट चार रविवारी एकेक अध्याय करून वाचूया. आधीचं काही माहीत असायची गरज नाही.’

यातली काही वाक्यं का तशी आहेत ते सांगतो. ‘मवाब’ऐवजी ‘परमुलखात’ आहे, कारण मवाबाचा नकाशा पत्रकावर काढता येत नाही. शेवट सांगितलेला नाही. नातू, दावीद, काहीच नाही. प्रश्न दोन आहेत, आणि दुसरा मला पहिल्याइतकाच कामाचा वाटतो. पहिला प्रश्न देवावर विश्वास असलेल्याला ओढतो. दुसरा, ज्याचा देवाशी हिशेब चुकलाय पण शेजाऱ्यांशी रोजचा संबंध आहे, त्याला. शिवाय पुस्तकही नेमकं तेच सांगतं. ‘आधीचं काही माहीत असायची गरज नाही’ हे वाक्य कुणी कापायला सांगेल. कापू नका. नवख्या माणसाची सर्वांत मोठी भीती आपण अडाणी दिसू ही असते.

आणखी एक वाक्य खर्ड्यात हटकून येतं: ‘तुमचेही रिकामे हात देव भरून देईल.’ ते येतं चांगल्या मनानं, पण गाळा. नामीला नातू मिळाला, पण तिची दोन मुलं परत आली नाहीत. जे पुस्तक वचन देत नाही ते पत्रकानं देऊ नये. नोकरी गेलेला माणूस हे वाचून आला आणि चार रविवारांनंतरही नोकरी मिळाली नाही, तर तो मालिकेवर नाही, देवावर रागावेल. यालाच लागून ‘रोगमुक्ती’, ‘चंगाई’ असले शब्द. मालिका त्याबद्दल नसताना निव्वळ गर्दीसाठी ते घालायचे नाहीत हे तर झालंच. पण मंत्र-तंत्र किंवा दैवी उपायानं ठरावीक रोग बरे होतात अशी जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तसंच फुकट जेवण, शाळेची फी, भेटवस्तू यांचा उल्लेख निमंत्रणात नको. उपासनेनंतर चहा असतो, तर ‘नंतर चहा आहे’ एवढं पुरे.

बोलीचं काय? ‘या की मग रविवारी!’ असं कोल्हापुरी निमंत्रण तोंडी दिलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. छापील पत्रकावर मात्र सगळा मजकूर बोलीत लिहिला की तो विनोदी कार्यक्रमाचा वाटायला लागतो. रूथ-नामीच्या दुःखाला ते शोभत नाही. मजकूर साध्या मराठीत, तोंडचं निमंत्रण आपल्या बोलीत.

खालची ओळ

या ओळीत सौंदर्य नको, उत्तरं हवीत. कधी, कुठं, किती वेळ, मुलांचं काय.

‘रविवार १०, १७, २४, ३१ जानेवारी २०२७. सकाळी ९.३० ते ११. गाडी लावायला आवारात जागा आहे. मुलांसाठी त्याच वेळी संडे स्कूल. कोणत्याही एका रविवारीही येऊ शकता.’

तारीख आणि वार दिनदर्शिकेत पाहून जुळवा. पत्रकात सर्वांत जास्त चुका इथंच होतात. पत्ता लिहिताना इमारतीच्या नावाबरोबर जवळची एक खूण द्या, जी रिक्षावाल्याला माहीत आहे. संपण्याची वेळ दिलीत तर ती पाळा. नवखा माणूस अकराला निघायच्या हिशेबानं दुचाकी लावून आलेला असतो. आणि तारखा ठरवण्याच्या वेळीच गावाचं पंचांग डोळ्यांसमोर असू द्या: नवरात्रातल्या रविवारी अंबाबाईच्या बाजूचे रस्ते भरलेले असतात, जुलै-ऑगस्टात पंचगंगा चढली की निम्म्या गावाचं लक्ष पाण्याकडे असतं. जानेवारीचे हे चार रविवार त्या मानानं मोकळे आहेत.

मोबाइल, फाटक आणि फ्लेक्स

व्हॉट्सॲपवर संदेश उघडण्याआधी यादीत फक्त पहिले काही शब्द दिसतात. तिथं ‘सर्वांना जयख्रिस्त, आपल्या मंडळीच्या वतीने’ दिसण्यापेक्षा ‘रिकाम्या हातांनी घरी’ दिसू द्या. शीर्षक ठळक करायचं तर दोन्ही बाजूंना तारका टाइप करा:

```
*रिकाम्या हातांनी घरी*
बायबलमधली रूथची गोष्ट, चार रविवार
```

मग साठ शब्दांचा मजकूर, मग खालची ओळ. फुलं, हात जोडलेले, कबुतरं, यांची रांग लावू नका. संदेश लांब झाला की शेवटचा भाग ‘आणखी वाचा’च्या आड जातो, आणि तारीख-वेळ तिथंच असते. चित्र पाठवणार असाल तर तारीख-वेळ चित्राखाली मजकुरातही लिहा. वयस्कर माणसांना चित्रातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि चित्रातली वेळ दुसऱ्याला उतरवून पाठवता येत नाही.

फाटकावरच्या फलकावर साठ शब्द घालू नका. शीर्षक, त्याखालची ओळ, तारखा, वेळ, बस. ढोबळ हिशेब असा की वाचणारा जितका लांब, तितकी अक्षरं मोठी: दर दहा फुटांना एक इंच. रस्त्याच्या पलीकडून, तीस फुटांवरून वाचायचं तर अक्षर तीन इंचांचं हवं, आणि शीर्षक त्याच्या दुपटीनं. फलक स्वतःच्या आवारात लावा. चौकात, खांबाला, सार्वजनिक भिंतीवर लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते.

फ्लेक्स छापायला देताना एक खास मराठी अडचण येते. तुम्ही मोबाइलवर लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. छपाईवाल्यांपैकी बरेचजण कोरलड्रॉमध्ये जुन्या फॉण्टवर काम करतात, आणि मजकूर तिकडे नेताना जोडाक्षरं फुटतात किंवा वेलांट्या जागा सोडतात. सर्वांत आधी बिघडतं ते ‘ऱ्या’. आपल्या दुसऱ्या रविवारचं नाव ‘दुसऱ्याच्या शेतात’ आहे, म्हणून नमुना आला की पहिल्यांदा ते पाहा. मग ‘निवाडा’मधली वेलांटी, ‘रविवार’ ऱ्हस्व आहे का, ‘जानेवारी’ दीर्घ आहे का. नमुना मोबाइलवर मोठा करून पाहा, आणि मंडळीतल्या ज्या शिक्षिकेला शुद्धलेखनाच्या चुका खुपतात त्यांना दाखवा. छपाई झाल्यावर दाखवून उपयोग नाही.

छापण्याआधी कुणाला विचारायचं

मंडळीतल्या वडीलजनांना दाखवलंच पाहिजे, पण त्यांच्याकडून मिळेल ती मान्यता. कळतं की नाही, हे बाहेरच्याकडूनच समजेल. किराणा दुकानदार, शाळेतला सहकारी, शेजारची वहिनी अशा तीन-चार जणांना मजकूर वाचायला द्या, कागद परत घ्या आणि दोन प्रश्न विचारा: ‘हे कशाबद्दल आहे असं वाटतं?’ आणि ‘कुणासाठी आहे असं वाटतं?’ ‘आवडलं का?’ असं विचारू नका. समोरचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही.

उत्तरांतून दोष कळतात. ‘कुणीतरी गावी परत येतं त्याबद्दल काहीतरी’ असं आलं तर शीर्षक बसलं. ‘गरिबांना मदतवाटप आहे का?’ असं आलं तर ‘रिकाम्या हातांनी’ हे भलत्या दिशेला जातंय. खालची ओळ मोठ्या अक्षरात आणा, ‘गोष्ट’ हा शब्द ठळक दिसू द्या. ‘बायकांचा कार्यक्रम आहे वाटतं’ हे उत्तर रूथच्या बाबतीत येण्याची शक्यता सर्वांत जास्त. मजकुरात नामी, सून, गावातल्या बायका, सगळ्या बायकाच आहेत. अशा वेळी मजकुरातला दुसरा प्रश्न थोडा बदला: ‘आणि आजूबाजूची माणसं, शेताचा मालक, गावचे पंच, काय करतात?’ एवढ्यानं बवाज आणि वेशीतले वडीलधारे आत येतात आणि पुरुष वाचकाला पाय ठेवायला जागा होते. फलकासाठी चित्र घेणार असाल तर त्यातही एकट्या स्त्रीऐवजी कापणीचं शेत घ्या.

कुणी ‘धर्मांतराचं आहे का?’ असं थेट विचारलं तर तो प्रश्न टाळू नका आणि मजकुरात त्याचा खुलासाही लिहू नका. खुलासा लिहिला की जो प्रश्न मनात नव्हता तोही उभा राहतो. तोंडी सांगा: रविवारची नेहमीची उपासना आहे, बायबलमधला एक भाग वाचून त्यावर बोलतात, ऐकून घरी जायचं. हेच खरं आहे, आणि एवढंच सांगावं.

पत्रक हातात देताना, आणि दर आठवड्याला

मंडळीतल्यांना दहा-दहा पत्रकं वाटली की त्यांतली निम्मी बायबलमध्ये खूण म्हणून राहतात. त्याऐवजी प्रत्येकाला दोनच द्या आणि सांगा की ज्याचं नाव डोळ्यांसमोर आहे त्यालाच द्या. देताना काय म्हणायचं तेही त्यांना सांगून ठेवा, नाहीतर पत्रकावरची भाषा सोडून पुन्हा ‘आशीर्वाद मिळेल’ सुरू होतं. ‘दादा, जानेवारीत आमच्यात एक गोष्ट चार रविवार वाचणार आहेत. मला तुमची आठवण झाली. जमलं तर या की.’ आठवण का झाली हे सांगायचं नाही. नोकरी गेलेल्याला ‘तुमची नोकरी गेली म्हणून’ असं म्हटलं तर कागद तिथंच चुरगळेल.

मालिका सुरू झाली की पहिल्या मजकुराचं काम संपतं. दुसऱ्या आठवड्यापासून तोच संदेश पुन्हा पाठवू नका. गुरुवारी त्या रविवारपुरत्या दोन ओळी पाठवा, ज्यात मागचं एका वाक्यात येईल आणि मध्येच येणाऱ्यालाही धरता येईल. १७ जानेवारीसाठी: ‘नामी आणि रूथ गावात पोचल्या, पण घरात दाणा नाही. या रविवारी रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. मालक तिला हाकलेल का?’ शेतकऱ्यानं कापणी करताना बांधाकडचं पीक आणि खाली पडलेली कणसं गरिबांसाठी, परक्यांसाठी सोडावीत, असा नियम लेवीयच्या १९ व्या अध्यायात आहे; पाळकसाहेब त्यावर बोलणार असतील तर संदेशात त्याचा उल्लेख नको, तो त्यांच्यासाठी राहू द्या. ३१ तारखेच्या संदेशात शेवटाचा सुगावा लागू देऊ नका, पण हा शेवटचा रविवार आहे एवढं लिहा. आणि पुढच्या मालिकेचं नाव त्याच संदेशात घुसडू नका. ते ७ फेब्रुवारीला सांगता येईल.